धावपटूचा सकाळचा एचआरव्ही का घसरतो

निरोगी माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळीही काटेकोर समान अंतराने ठोके देत नाही. नाडी मिनिटाला ६० असली, तरी दोन ठोक्यांमधले अंतर दर वेळी नेमके एक सेकंद भरत नाही. ते कधी ०.९४ सेकंद असते, तर कधी १.०५. श्वास आत घेताना ठोके थोडे जवळ येतात आणि सोडताना लांबतात. मनगटावर बोटे ठेवून, सावकाश श्वास घेत नाडी मोजली तर अनेकांना हा फरक स्वतःलाही जाणवतो. ठोक्यांच्या अंतरातील या चढउताराला हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, थोडक्यात एचआरव्ही, म्हणतात. हृदय निरोगी असताना विश्रांतीत हा चढउतार भरपूर असणे हे चांगले लक्षण मानले जाते.

कार्ल लुडविग या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८४७ मध्ये श्वासाबरोबर बदलणाऱ्या नाडीची नोंद उपकरणाने कागदावर उतरवली होती. तिचा वैद्यकीय उपयोग मात्र बराच उशिरा ध्यानात आला. १९६० च्या दशकात हॉन आणि ली या संशोधकांनी दाखवले की, गर्भाचा जीव धोक्यात येतो तेव्हा हृदयाचा वेग बदलण्याआधीच ठोक्यांच्या अंतरांमध्ये फरक पडू लागतो. सकाळी एचआरव्ही पाहणाऱ्या धावपटूलाही नेमकी हीच गोष्ट उपयोगी पडते. शरीरावर ताण आला की सरासरी नाडी अजून फारशी हलली नसताना अंतरांमधला चढउतार आटलेला दिसू शकतो.

असे का होते, ते कळण्यासाठी हृदयाचा वेग कोण ठरवते हे पाहावे लागते. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो स्वतःच विजेचे स्पंद निर्माण करतो आणि त्याला मोकळे सोडले तर मिनिटाला साधारण १०० ठोके देतो. तरीही बसलेल्या माणसाची नाडी सत्तरच्या आसपास आणि सराव असलेल्या धावपटूची पन्नासच्या आसपास असते, कारण मेंदूच्या तळापासून निघून हृदयापर्यंत येणारी व्हेगस ही चेता या पुंजक्याला सतत लगाम घालत असते. व्हेगस ही परानुकंपी, म्हणजे शरीराला विसावा देणाऱ्या, चेतासंस्थेची मुख्य वाट आहे. तिच्या विरुद्ध बाजूला अनुकंपी चेतासंस्था असते. धावताना, घाबरल्यावर किंवा संकटात ती हृदयाला वेग देते.

या दोन संस्थांच्या कामाच्या गतीत मोठा फरक आहे आणि एचआरव्हीचा सगळा अर्थ त्या फरकात दडलेला आहे. व्हेगसच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटते. त्याचा परिणाम एका सेकंदाच्या आत होतो आणि ते लगेच नष्टही केले जाते. म्हणून व्हेगस प्रत्येक ठोक्यागणिक लगाम आवळू शकते आणि सैल सोडू शकते. श्वास आत जाताना मेंदू तिचा प्रवाह क्षणभर रोखतो, तेव्हा ठोका लवकर पडतो. श्वास बाहेर पडताना प्रवाह परत सुरू होतो आणि पुढचा ठोका लांबतो. अनुकंपी संस्थेचे नॉरॲड्रेनलिन मात्र काही सेकंदांनी परिणाम दाखवते आणि रेंगाळत राहते. लागोपाठच्या दोन ठोक्यांमध्ये फरक पाडण्याइतके ते चपळ नाही. त्यामुळे ठोक्याठोक्यांमधला झटपट चढउतार दिसला, तर तो जवळजवळ पूर्णपणे व्हेगसचा आहे असे समजता येते.

याचे दोन पुरावे अगदी थेट आहेत. ॲट्रोपीन या औषधाने व्हेगसचा परिणाम रोखला की नाडी वर चढते आणि अंतरांमधला झटपट चढउतार जवळपास नाहीसा होतो. हृदय प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रियेत चेता कापल्या जातात. अशा नव्या हृदयाची विश्रांतीतली नाडी सुरुवातीच्या काळात साधारण ९० ते ११० च्या दरम्यान राहते आणि ठोके जवळजवळ समान अंतराने पडतात. लगाम धरणारे कोणी उरलेले नसते.

घड्याळ किंवा मोबाइलचे ॲप हा चढउतार एका आकड्यात मांडते. त्यासाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मापाला आरएमएसएसडी म्हणतात. नाव बोजड असले तरी हिशेब सोपा आहे. समजा, सकाळी सहा अंतरे मिलिसेकंदांत अशी मिळाली: १०४०, ११००, १०६०, ९९०, १०५०, १११०. लागोपाठच्या अंतरांमधले फरक ६०, ४०, ७०, ६० आणि ६० येतात. प्रत्येक फरकाचा वर्ग करायचा, त्या वर्गांची सरासरी काढायची आणि तिचे वर्गमूळ घ्यायचे. उत्तर सुमारे ५९ मिलिसेकंद येते. दुसऱ्या एखाद्या सकाळी हीच अंतरे ९३०, ९५०, ९३५, ९१५, ९४०, ९६० अशी असतील, तर उत्तर अवघे २० येते. नाडीचा विचार केला तर पहिल्या दिवशी ती मिनिटाला सुमारे ५७ होती आणि दुसऱ्या दिवशी ६४. वाढ फक्त सात ठोक्यांची आहे, पण एचआरव्ही एक तृतीयांशावर आला आहे. प्रत्यक्ष मोजणीत सहाऐवजी किमान एका मिनिटाचे ठोके घेतात. काही ॲप या आकड्याचा लॉगॅरिदम घेऊन तो सोयीच्या मापात दाखवतात, त्यामुळे दोन ॲपवरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

मोजणीसाठी सकाळ निवडण्याचे कारण व्यवहारी आहे. दिवसभरात चहा, जिने, फोनवरचे बोलणे, ऊन, जेवण या प्रत्येकाने व्हेगसचा प्रवाह वरखाली होतो. झोपेतून उठल्यावर या गोष्टी अजून सुरू झालेल्या नसतात. त्या वेळी जे दिसते ते बहुतेक करून कालचा सराव, रात्रीची झोप आणि शरीरात आत चाललेले काम यांचे उरलेले देणे असते. उठावे, लघवीला जाऊन यावे आणि चहाच्या आधी रोज एकाच स्थितीत, म्हणजे नेहमी पडून किंवा नेहमी बसून, मोजावे, असा नियम यासाठीच घालून दिला जातो. पडून घेतलेला आकडा आणि बसून घेतलेला आकडा एका मालिकेत बसत नाहीत. श्वास मुद्दाम सावकाश आणि खोल घेऊ नये, कारण तसे केल्यानेच आकडा वर जातो आणि मग शरीराची खरी अवस्था झाकली जाते.

कठीण धावण्यानंतरच्या सकाळी एचआरव्ही घसरतो तो कशामुळे? कारणे एकापेक्षा अधिक असतात आणि ती एकमेकांत गुंतलेली असतात. लांब पल्ल्याच्या धावण्यात घामावाटे पाणी जाते आणि रक्तातला द्रव भाग कमी होतो. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत रक्तदाब ओळखणारे संवेदक असतात. त्या भिंती कमी ताणल्या गेल्या की ते मेंदूला रक्त अपुरे असल्याचे कळवतात आणि मेंदू दाब टिकवण्यासाठी व्हेगसचा प्रवाह कमी करतो. स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा झालेली असते. तिथे दाह सुरू असतो आणि त्या स्नायूंतून निघणाऱ्या चेता मेंदूला सतत खबर देत असतात. स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठाही खाली गेलेला असतो. ही सगळी डागडुजी चालू असताना शरीर पूर्ण विसाव्यात जात नाही.

धावण्याची तीव्रता इथे अंतरापेक्षा अधिक मोलाची ठरते. गप्पा मारता येतील इतक्या हलक्या गतीने धावल्यावर सराव असलेल्या धावपटूचा व्हेगस काही मिनिटांतच जागेवर येतो, असे स्टीफन साइलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले. धापा लागतील अशा वेगाने धावले की ही परतफेड लांबते. उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन जेमी स्टॅनली, जोनाथन पीक आणि मार्टिन बुशे यांनी २०१३ मध्ये ढोबळ अंदाज मांडला. हलक्या व्यायामानंतर हृदयाची परानुकंपी सूत्रे २४ तासांपर्यंत पूर्ववत होतात, मध्यम-कठीण व्यायामानंतर २४ ते ४८ तास लागतात आणि अतितीव्र व्यायामानंतर किमान ४८ तास. त्यानंतर पुष्कळदा आकडा नेहमीपेक्षाही वर जातो, कारण शरीर रक्तातला द्रव भाग गरजेपेक्षा थोडा जास्तच भरून काढते. तेव्हा दाबाचे संवेदक जास्त ताणले जातात आणि व्हेगसला जोर मिळतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. रविवारच्या लांब पल्ल्यानंतर सोमवारी आकडा पडणे हे अपेक्षितच आहे. त्यात काळजीचे काही नाही, उलट सरावाचा परिणाम शरीरापर्यंत पोहोचल्याची ती खूण आहे. पाहायचे असते ते हे की, आकडा ठरावीक काळात परत वर येतो की नाही. दोन-तीन दिवस हलके धावूनही तो खालीच राहिला, तर एक तर सरावाचा भार पेलवत नाही किंवा शरीर दुसऱ्याच कामात गुंतले आहे.

आजारपण हे असे दुसरे काम. विषाणू शरीरात शिरल्यावर घसा दुखायला किंवा ताप यायला वेळ लागतो, पण रोगप्रतिकारक पेशी त्याआधीच कामाला लागलेल्या असतात. त्या सायटोकाइन नावाची रसायने सोडतात. ही खबर काही अंशी रक्तातून आणि काही अंशी खुद्द व्हेगसच्या उलट दिशेने जाणाऱ्या तंतूंमधून मेंदूपर्यंत पोहोचते. व्हेगसचे बहुतेक तंतू मेंदूकडून अवयवांकडे न जाता अवयवांकडून मेंदूकडे निरोप नेणारे आहेत, हे फारसे ठाऊक नसते. खबर मिळाल्यावर मेंदू शरीराचे तापमान वाढवण्याची तयारी करतो, ऊर्जेचा खर्च वाढतो, अनुकंपी संस्था जागी होते आणि लगाम सैल पडतो. पुढे प्रत्यक्ष ताप चढला की तापमानाच्या दर अंश सेल्सिअस वाढीमागे नाडी साधारण दहा ठोक्यांनी वाढते. एचआरव्ही मात्र त्याआधीच घसरलेला असू शकतो.

याचा सर्वांत गंभीर उपयोग मैदानापासून फार दूर, नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागात झाला आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातील पामेला ग्रिफिन आणि रँडल मूरमन यांनी अकाली जन्मलेल्या बाळांच्या ठोक्यांचा अभ्यास केला. रक्तात जंतुसंसर्ग पसरण्याची लक्षणे डॉक्टरांना दिसण्याआधीच या बाळांच्या हृदयगतीतला चढउतार मंदावतो, असे त्यांना आढळले आणि त्यावरून इशारा देणारी यंत्रणा उभी राहिली. धावपटूच्या सर्दी-तापाची त्याच्याशी बरोबरी नाही. संसर्गाची खबर हृदयाच्या ठोक्यांत लवकर उमटू शकते, एवढे मात्र त्यातून पक्के होते.

तिसरे कारण मनाचा ताण. मेंदूच्या पुढच्या भागातली विचार आणि संयमाची केंद्रे, भीती ओळखणारी केंद्रे आणि मेंदूच्या तळाशी असलेली व्हेगसची केंद्रे एकमेकांशी जोडलेली आहेत. नोकरीची अनिश्चितता, घरातले आजारपण, परीक्षा, कर्ज यांपैकी काहीही सतत डोक्यात राहिले की धोक्याची सूचना चालूच राहते आणि व्हेगस पूर्ण जोराने काम करत नाही. त्यात झोप कमी होते. गाढ झोपेच्या टप्प्यात व्हेगसचा जोर दिवसातल्या बहुतेक वेळेपेक्षा जास्त असतो. झोप तुटली की हृदयाला मिळणारा तो विसावाही तुटतो. अशा ताणाने एका रात्रीत मोठी पडझड होतेच असे नाही. बहुधा आकडा थोडासाच उतरतो, पण दोन-तीन आठवडे खाली राहतो.

याच ठिकाणी एचआरव्हीची मर्यादाही उघड होते. भार कुठून आला हे हृदयाला वेगळे सांगता येत नाही. जोराच्या धावण्यामुळे, येऊ घातलेल्या तापामुळे आणि कार्यालयातल्या भांडणामुळे तीच एक व्हेगस मागे सरते आणि पडद्यावर तोच एक आकडा खाली येतो. कारण शोधायचे तर आकड्यांचा आकार, म्हणजे किती घसरले, किती दिवस घसरले आणि सोबत काय बदलले, हे पाहावे लागते.

एक नमुन्याचे उदाहरण घेऊन ते पाहता येते. जानेवारीत होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनच्या पूर्ण अंतराची तयारी करणारा, पुण्यात राहणारा, चाळिशीतला एक हौशी धावपटू डोळ्यांसमोर आणावा. तो दीड महिना रोज सकाळी बसून एक मिनिट मोजतो आहे. त्याची सरासरी नाडी ५२ आहे आणि आरएमएसएसडीची सरासरी ४८ मिलिसेकंद. बहुतेक सकाळी आकडा ४० ते ५७ च्या दरम्यान असतो. हा त्याचा स्वतःचा पट्टा झाला. दुसऱ्याचा पट्टा २० ते २८ असू शकतो आणि तिसऱ्याचा ८० ते ११०, आणि तिघेही ठणठणीत असू शकतात. वय वाढते तसा एचआरव्ही उतरतो आणि त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो, म्हणून गटातल्या सोबत्याच्या आकड्याशी तुलना करून काहीही हाती लागत नाही.

डिसेंबरच्या एका रविवारी हा धावपटू ३० किलोमीटर धावतो. शेवटचे ८ किलोमीटर तो स्पर्धेच्या गतीने काढतो. सोमवारी आकडा ३७ येतो आणि नाडी ५५. मंगळवारी ४४ आणि ५३, बुधवारी ५० आणि ५१. पट्ट्याखाली गेलेला आकडा एका दिवसात पट्ट्यात आला आणि दोन दिवसांत सरासरीच्या वर गेला. नाडीही त्याच्यासोबत खाली उतरली. ही पचलेल्या सरावाची रीत आहे आणि बुधवारी ठरलेला सराव करायला काही हरकत नव्हती.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी त्याने ८०० मीटरच्या आठ जोरदार फेऱ्या मारल्या. बुधवारी आकडा ३९, नाडी ५४. हा आकडा आधीच्या सोमवारसारखाच आहे आणि एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही. बुधवारी तो फक्त चालला. गुरुवारी आकडा वर यायला हवा होता, तो ३३ वर गेला आणि नाडी ५७ झाली. शुक्रवारी विश्रांतीनंतरही २६ आणि ६१. घसा ठीक, भूक ठीक, झोप सात तास. त्या संध्याकाळी घशाला खवखव लागली आणि शनिवारी ताप ३८.२ अंशांवर होता. आकडा १९, नाडी ६८.

या मांडणीत निर्णायक दिवस गुरुवार आहे. बुधवारचा आकडा मंगळवारच्या सरावाने पुरेसा समजतो. गुरुवारी भार वाढलेला नसताना आकडा आणखी उतरला आणि नाडी वर चढली. एचआरव्ही खाली आणि नाडी वर, दोन्ही एकाच दिशेचे इशारे विश्रांतीनंतर मिळाले, तर त्याला एकट्या आकड्याच्या घसरणीपेक्षा कितीतरी जास्त वजन द्यावे. गुरुवारी ठरलेले जोराचे धावणे बाजूला ठेवून झोप आणि पाणी वाढवणे एवढेच त्या दिवशी शहाणपणाचे होते. आजार त्यामुळे टळला नसता. तापाच्या उंबरठ्यावर असताना शरीरावर आणखी एक मोठा भार मात्र पडला नसता आणि हे छोटे काम नव्हे. विषाणूसंसर्गात कधीकधी हृदयाच्या स्नायूलाच सूज येते आणि अशा वेळी जोराचा व्यायाम जीवघेणा ठरू शकतो. ताप असताना धावू नये, हा डॉक्टरांचा नियम म्हणून सैल करण्यासारखा नाही.

ताणाची रीत वेगळी दिसते. त्याच धावपटूचा भार तोच आहे, पण कार्यालयात नवे काम अंगावर आले आणि झोप साडेपाच तासांवर आली, असे समजावे. एखादी सकाळ ३८, एखादी ४६, मधूनच ४३. यातला एकही आकडा दचकवणारा नाही. मात्र सात दिवसांची सरासरी पाहिली तर ती ४८ वरून ४१ वर उतरून तिथेच थांबलेली दिसते आणि नाडी दोन ठोक्यांनी वर असते. हे रोजच्या आकड्यांत हरवते आणि सात दिवसांच्या सरासरीत दिसते. म्हणूनच न्यूझीलंडमधून काम केलेल्या डॅनियल प्लूज यांनी मार्टिन बुशे आणि इतरांसह केलेल्या लेखनात एका दिवसाच्या आकड्याऐवजी आठवड्याच्या सरासरीवर भर दिला. त्यांच्या पद्धतीत नेहमीच्या चढउताराच्या प्रमाण विचलनाच्या निम्म्याने सरासरी सरकली, की तो बदल दखल घेण्याजोगा मानतात. काही ॲप याहून रुंद पट्टा धरतात. कोणताही धरला तरी आधी काही आठवड्यांच्या नोंदी हव्यातच. तीन दिवस मोजून काढलेला निष्कर्ष केवळ अंदाज असतो.

आकडा चुकीचाही असू शकतो आणि ही चूक मोठी असते. छातीवरचा पट्टा कोरडा राहिल्यामुळे एखादा ठोका नोंदलाच गेला नाही, तर १०५० मिलिसेकंदांच्या दोन अंतरांऐवजी २१०० चे एकच अंतर दिसते. फरकांचा वर्ग होत असल्याने एवढी एक चूक मिनिटभराच्या मोजणीत ४८ चा आकडा २०० च्या घरात नेऊ शकते. मध्येच अवेळी पडणारा जादा ठोका, जो निरोगी माणसांतही अधूनमधून पडतो, तोही असाच गोंधळ घालतो. चांगली ॲप अशी अंतरे गाळतात, तरी अचानक उसळलेला आकडा आनंदाने स्वीकारण्याआधी मोजणी पुन्हा करावी. बोट कॅमेऱ्यावर ठेवून घेतलेल्या मोजणीत बोट गार असले किंवा हलले तरी चूक होते. मनगटावरचे घड्याळ रात्रभराची सरासरी देते. ती सोयीची असते, पण रात्री उशिरा झालेले जेवण, दारू किंवा संध्याकाळचा जोरदार सराव यांचा तिच्यावर सकाळच्या मोजणीपेक्षा जास्त परिणाम होतो. रात्रीचे आणि सकाळचे आकडे एकत्र मिसळू नयेत.

शरीरात आजार किंवा बिघाड नसतानाही आकडा उतरण्याची साधी कारणे आहेत. आदल्या रात्रीची दारू हे त्यांतले सर्वांत ठळक. दोन-तीन पेल्यांनी झालेली घसरण पुष्कळदा कठीण सरावाइतकी असते. ऑक्टोबरचा उकाडा किंवा कोकणातली दमट हवा यांची सवय नसलेल्या धावपटूचा आकडा पहिले काही दिवस खाली राहू शकतो. समुद्रसपाटीवरून लडाखसारख्या उंचीवर गेल्यावरही तेच होते. मासिक पाळीच्या उत्तरार्धात, म्हणजे बीजविमोचनानंतर, अनेक स्त्रियांची नाडी काही ठोक्यांनी वाढते आणि एचआरव्ही थोडा उतरतो. हे नैसर्गिक आहे. स्त्री धावपटूने आजचा आकडा मागच्या आठवड्याशी ताडण्याऐवजी मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी ताडावा.

उलट, वर गेलेला आकडा नेहमी शुभ असतो, ही समजूतही तपासून घ्यावी लागते. फ्रान्समध्ये यान ल मर आणि सहकाऱ्यांनी ट्रायथलॉनपटूंना काही आठवडे मुद्दाम जादा सराव दिला. जे दमले आणि ज्यांची कामगिरी घसरली, त्यांचा सकाळचा एचआरव्ही सरासरीने वाढला होता आणि नाडी उतरली होती. हे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे जादा सरावाचा थकवा काहींमध्ये व्हेगसच्या अतिजोरातूनही दिसतो. पाय जड, नेहमीच्या गतीला दम जास्त, धावण्याची इच्छा नाही आणि आकडा मात्र विक्रमी असेल, तर विश्वास पायांवर ठेवावा. अतिशय मंद नाडीच्या खेळाडूंमध्ये आणखी एक गुंता असतो. पडून मोजताना व्हेगसचा जोर इतका पूर्ण असतो की श्वास आत घेतानाही लगाम सैल होत नाही. मग चढउतार कमी दिसतो, पण तो थकव्याचा नसतो. अशा खेळाडूंना बसून किंवा उभे राहून मोजायला सांगतात. एचआरव्ही खाली आणि नाडीही नेहमीपेक्षा खाली, अशी जोडी दिसली तर ही शक्यता आठवावी.

सकाळच्या आकड्यानुसार सराव ठरवल्याने फायदा होतो का, हेही तपासले गेले आहे. फिनलंडमध्ये अँटी किव्हिनिएमी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सुचवलेला नियम साधा होता. आकडा नेहमीच्या पट्ट्यात असेल तर जोराचा सराव, घसरला असेल तर हलका सराव किंवा विश्रांती. तिथल्याच विले वेस्टरिनेन यांनी २०१६ मध्ये हौशी धावपटूंवर केलेल्या प्रयोगात, आकड्याप्रमाणे चालणाऱ्या गटाने जोराचा सराव कमी वेळा करूनही ३००० मीटरच्या वेळेत सुधारणा केली. आधीच ठरलेल्या वेळापत्रकाने चालणाऱ्या गटात तेवढी सुधारणा आढळली नाही. फायद्याचे कारण उघड आहे. तोच कठीण सराव शरीर तयार असलेल्या दिवशी झाला की तो पचतो. असे प्रयोग लहान गटांवर आणि काही आठवड्यांपुरते झालेले आहेत, हे लक्षात ठेवून त्यांच्याकडे पाहावे.

काहींसाठी हे मोजमाप उपयोगाचे नाही. एट्रियल फिब्रिलेशन या अनियमित ठोक्यांच्या विकारात आकडा खूप मोठा येतो आणि त्याला व्हेगसशी काही देणेघेणे नसते. पेसमेकर असलेल्यांचे ठोके यंत्र ठरवते. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी आणि एचआरव्ही दोन्ही औषधाने बदललेले असतात, आणि डोस बदलला की जुना पट्टा निकामी होतो. सकाळी आकडा पाहूनच ज्यांचा दिवस चिंतेत जातो, त्यांनी काही काळ मोजणे थांबवावे, कारण ती चिंता स्वतःच आकडा खाली ओढते.

आजारानंतर परत धावायला कधी लागावे, यासाठी आकड्याची मदत होते, पण शेवटचा शब्द त्याचा नसतो. वरच्या उदाहरणातल्या धावपटूचा ताप सोमवारी उतरला. मंगळवारी आकडा २८ आणि नाडी ६०, गुरुवारी ३५ आणि ५६, शनिवारी ४१ आणि ५३. लक्षणे गेली, भूक परतली आणि आकडा व नाडी दोन्ही लागोपाठ दोन-तीन सकाळी पट्ट्यात राहिले, की वीस-तीस मिनिटांच्या हलक्या धावण्याने सुरुवात करता येते. त्यानंतरच्या सकाळी आकडा टिकला तर पुढच्या वेळी थोडे वाढवायचे, पडला तर आणखी दोन दिवस चालण्यावर राहायचे. जोराच्या फेऱ्या किमान आठवडाभर तरी नकोत. नाडी नेहमीपेक्षा दहा ठोक्यांनी वर राहून आठवडाभर उतरत नसेल, छातीत दुखत असेल, धडधडत असेल, जिना चढताना पूर्वी न लागणारा दम लागत असेल किंवा भोवळ येत असेल, तर सकाळचा आकडा काहीही सांगत असला तरी धावणे बंद ठेवून डॉक्टरांकडे जावे आणि ईसीजी काढून घ्यावा.